देऊळ कुठे, यापेक्षा वाट कुठून

लंडनच्या वायव्येला, वॉटफर्डजवळ, हर्टफर्डशर परगण्यात लेचमोर हीथ नावाचं एक लहानसं गाव आहे. मधोमध हिरवळ, एक तळं, एक पब आणि भोवती जुनी घरं. १९६० साली ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ या भयपटाचं चित्रीकरण इथे झालं, कारण नमुनेदार शांत इंग्रजी खेडं म्हणून पडद्यावर दाखवायला ते शोभत होतं. या गावाच्या कडेला पिगॉट्स मॅनर ही एकोणिसाव्या शतकातली हवेली उभी आहे. एके काळी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या परिचारिका तिथे प्रशिक्षण घ्यायच्या. १९७३ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी ही हवेली सतरा एकर जमिनीसह घेऊन इस्कॉनला दिली आणि तिचं नाव भक्तिवेदांत मॅनर झालं. त्यानंतरची तेवीस वर्षं या वास्तूभोवती जो वाद चालला, तो नगरनियोजन आणि प्रार्थनास्थळं यांच्या नात्याचा एक स्वच्छ धडा आहे. स्वच्छ अशासाठी, की आपल्याकडच्या अशा भांडणांत जे घटक हमखास मिसळलेले असतात, म्हणजे अतिक्रमण, जमिनीचा काळा बाजार, दंगलीची भीती, त्यांतलं इथे काहीही नव्हतं. जमीन कायदेशीर मालकीची होती, बांधकाम जुनं होतं, भांडणारे दोन्ही पक्ष वकिलांमार्फत बोलत होते. तरीही प्रश्न सुटायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. का लागला, हे नीट पाहिलं तर नियोजनकर्ते प्रार्थनास्थळाबाबत नेमका कोणता प्रश्न विचारायला चुकतात, ते दिसतं.

सुरुवात एका शब्दाच्या अर्थापासून झाली. ब्रिटिश नियोजन कायदा इमारतीकडे ‘वापर’ या चष्म्यातून पाहतो. राहतं घर, दुकान, कारखाना, वसतिगृह असलेलं विद्यालय असे वापराचे वर्ग ठरलेले असतात. एका वर्गातून दुसऱ्यात जायचं तर परवानगी लागते, वर्गातल्या वर्गात बदल केला तर लागत नाही. परिचारिकांचं निवासी विद्यालय जाऊन तिथे कृष्णभक्तांचं निवासी धर्मविद्यालय येणार होतं. विद्यालयाच्या जागी विद्यालय. तेव्हाच्या स्थानिक प्राधिकरणाने यासाठी वेगळी परवानगी नको, असं मान्य केलं. कागदावर हे अगदी बरोबर होतं. पन्नासेक विद्यार्थी राहणार, शिकणार, पूजा करणार. परिचारिकाही राहतच होत्या आणि शिकतच होत्या. पण या उत्तरात एक गोष्ट बाहेर राहिली होती. परिचारिकांच्या विद्यालयाला पाहुणे फारसे येत नाहीत. राधा-कृष्णाच्या मूर्तींची प्रतिष्ठापना झालेल्या वास्तूला मात्र दर्शनाला माणसं येतातच. भारतीय वाचकाला हे सांगावं लागत नाही. इंग्रजी कायद्याच्या वर्गीकरणात ते बसत नव्हतं.

माणसं कुठून आली, हेही पाहायला हवं, कारण वस्ती बदलल्याशिवाय प्रार्थनास्थळांचा प्रश्न उभा राहत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केनियातून आणि १९७२ मध्ये इदी अमीनच्या हुकमाने युगांडातून हजारो भारतीय वंशाची कुटुंबं ब्रिटनमध्ये आली. त्यांतली पुष्कळशी गुजराती होती आणि लंडनच्या वायव्य उपनगरांत, वेम्बली, ब्रेंट, हॅरो या पट्ट्यात स्थायिक झाली. घर मिळालं, नोकरी किंवा दुकान बसलं, मुलं शाळेत गेली, आणि मग देवळाची उणीव भासू लागली. त्या उपनगरांत रिकामी जमीन नव्हती, होती ती परवडत नव्हती. काही मैलांवर मात्र एक तयार मंदिर होतं आणि आता दारात गाडीही होती. रविवारी सकाळी कुटुंबच्या कुटुंब मॅनरला जाऊ लागलं. ज्या धर्मविद्यालयाला परवानगी नको असं ठरलं होतं, ते काही वर्षांतच एका मोठ्या समाजाचं देवस्थान झालं. त्यासाठी संस्थेने एक वीटही नव्याने रचली नव्हती. बदल घडला तो तीस मिनिटांच्या अंतरावरच्या उपनगरांत. नियोजनाचे नकाशे एकेका भूखंडाचे असतात आणि श्रद्धेची भूक संपूर्ण प्रदेशाची असते. पुढचं सगळं भांडण या विसंगतीतून वाढलं.

गावातल्या लोकांची तक्रार काय होती? तिचा एक भाग निखळ परकेपणाचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरा भाग साध्या हिशेबाचा होता आणि तो मांडून पाहिला तर तक्रार खोटी ठरत नाही. मॅनरला जाणारा रस्ता गावाच्या मधूनच जात होता. समजा दिवसाला हजार माणसं आली आणि एका गाडीत चौघं बसले, तर अडीचशे गाड्या झाल्या; येणं आणि जाणं धरून पाचशे फेऱ्या. त्या दिवसभरात विखुरल्या तर गाव कुरकुरेल, पण निभावून नेईल. आता जन्माष्टमी घ्या. वीस हजार माणसं धरली तर त्याच हिशेबाने पाच हजार गाड्या आणि दहा हजार फेऱ्या होतात. दहा तासांत त्या समान वाटल्या तरी तासाला हजार, म्हणजे दर साडेतीन-चार सेकंदांना एक गाडी, तीही दोन गाड्या जेमतेम एकमेकींना टाळून जातील अशा रस्त्यावरून. प्रत्यक्षात फेऱ्या समान वाटल्या जातच नाहीत. मध्यरात्रीच्या जन्मसोहळ्याभोवती त्या दाटतात. हे आकडे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत, पण त्यांतून एक गोष्ट कळते. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस जे स्थळ निरुपद्रवी असतं, तेच दोन-चार दिवस संपूर्ण गाव ठप्प करतं. प्रार्थनास्थळाचा हा खास स्वभाव आहे. कारखाना रोज सारखा आवाज करतो, शाळा रोज ठरल्या वेळी भरते आणि सुटते. देऊळ, मशीद, चर्च यांचा भार मात्र सरासरीत कधीच दिसत नाही. तो पंचांगात दिसतो.

हर्ट्समिअर बरो कौन्सिल या नव्या स्थानिक संस्थेला हे कळलं नव्हतं असं नाही. १९८३ मध्ये तिने इस्कॉनशी नियोजन कायद्याच्या कलम ५२ खाली करार केला. साध्या दिवशी हजारापेक्षा जास्त माणसं येऊ नयेत, काही ठरावीक सणांचे दिवस अपवाद धरावेत, असा त्याचा गाभा होता. या करारात प्रश्नाची योग्य मांडणी होती. देऊळ असावं की नसावं हा वाद बाजूला ठेवून, कोणत्या दिवशी किती माणसं, असं तो विचारत होता. पण त्याने उत्तराची एकच बाजू धरली. माणसं कमी करा, असं सांगितलं. रस्ता बदला, असं कोणी म्हटलं नाही. देवस्थानच्या दाराशी माणसं मोजून हजारावीनंतर फाटक लावणं कोणत्याही पुजाऱ्याला जमणारं नाही, आणि मागणी उपनगरांत वाढतच होती. करार तुटणार हे त्याच्या रचनेतच होतं. १९८७ च्या सुरुवातीला कौन्सिलने वापर बंद करण्याची नोटीस काढली. म्हणणं असं, की धर्मविद्यालयाचं रूपांतर आता सार्वजनिक पूजेच्या आणि उत्सवाच्या स्थळात झालं आहे, आणि या बदलाला परवानगी नाही.

पुढची वर्षं कज्जांत गेली. १९८८ मध्ये जाहीर चौकशी झाली. १९९० मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी नोटीस कायम केली आणि पर्यायी जागा शोधण्यासाठी मुदत दिली. पर्यायी जागेचा शोध फसला, आणि तो फसणारच होता. लंडनभोवती ग्रीन बेल्ट, म्हणजे बांधकामाला मज्जाव असलेला हरितपट्टा आहे. त्याच्या आत जमीन दाट आणि महाग. पट्ट्यात बांधायला बंदी. पट्ट्याच्या पलीकडे गेलं तर भाविकांपासून फार दूर. उच्च न्यायालय आणि अपील न्यायालयातही संस्था हरली. मार्च १९९४ मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाने तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. धर्मस्वातंत्र्यावर मर्यादा येते हे आयोगाने मान्य केलं, पण शेजाऱ्यांचे हक्क आणि नियोजनाची शिस्त यांसाठी ती मर्यादा समर्थनीय आहे, असं म्हटलं. त्याच महिन्यात बंदी लागू झाली आणि हजारो हिंदूंनी वेस्टमिन्स्टरमध्ये मोर्चा काढला. त्या वर्षीची जन्माष्टमी बंदी मोडून साजरी झाली आणि संस्थेवर खटला भरला गेला. सात वर्षांत एकाही न्यायासनाने वाटेचा प्रश्न सोडवला नव्हता, कारण तो त्यांच्यासमोर नव्हताच. त्यांच्यासमोर होता तो एवढाच, की झालेला बदल नियमाबाहेर आहे की नाही. तो होता. म्हणून निकाल दर वेळी तोच आला.

सुटका न्यायालयाबाहेर झाली. इस्कॉनने शेजारची शेतजमीन मिळवली आणि तिच्यातून थेट मुख्य रस्त्याच्या बाजूने मॅनरच्या मागे येणारी नवी वाट आखली. गावाला वळसा पडेल अशी. हा मार्गही ग्रीन बेल्टमधून जात होता, म्हणून त्यासाठी नव्याने जाहीर चौकशी झाली; पण यावेळी चौकशीचा विषय वेगळा होता. शेतातून जाणाऱ्या एका रस्त्याची हानी मोठी, की गावातून जाणाऱ्या हजारो गाड्यांची? एका समाजाची दुसरीकडे कुठेही न भागणारी गरज ही पट्ट्याचा नियम वाकवण्याइतकी विशेष परिस्थिती मानायची का? १९९६ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी अटींसह रस्त्याला आणि सार्वजनिक पूजेला परवानगी दिली. जो वाद धर्मस्वातंत्र्य विरुद्ध ग्रामीण शांतता असा तत्त्वांच्या भाषेत नऊ वर्षं लढला गेला, तो प्रवेशमार्ग बदलल्यावर मिटला. गावाचं तळं, हिरवळ आणि पब जिथल्या तिथे राहिले. मंदिरही जिथल्या तिथे राहिलं.

यावरून माझं म्हणणं असं, की प्रार्थनास्थळाबाबत नियोजनाने विचारायचा पहिला प्रश्न ते कोणाचं आहे किंवा कोणत्या वर्गात मोडतं, हा असू नये. वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी किती माणसं, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने येतील, हा तो प्रश्न आहे. वर्गीकरण या कामाला अपुरं पडतं, याचा पुरावा ब्रिटिश नियमांतच आहे. १९८७ पासून २०२० पर्यंत इंग्लंडमध्ये ‘डी १’ नावाचा एक वर्ग होता. दवाखाना, पाळणाघर, संग्रहालय, शाळा आणि प्रार्थनास्थळ हे सगळे त्यात एकत्र. त्यामुळे वीस माणसं जमतील असा प्रार्थनेचा हॉल आणि काही हजारांची मशीद कायद्याच्या लेखी एकाच जातीची होती, आणि बंद पडलेल्या दवाखान्याचं देऊळ व्हायला परवानगीचं कारण नव्हतं. नकाशावर रंग एकच, रस्त्यावर परिणाम शंभर पटींनी वेगळा. याउलट, १९९५ मध्ये उघडलेलं नीसडनचं स्वामीनारायण मंदिर पाहा. कोरीव दगडी शिखरांचं, पाहताच डोळ्यांत भरणारं ते मंदिर लेचमोर हीथच्या हवेलीपेक्षा कितीतरी अधिक ‘परकं’ दिसायला हवं होतं. पण ते गोदामांच्या परिसरात, लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर या मोठ्या रस्त्यालगत उभं राहिलं. रस्ता आधीच रुंद होता, म्हणून मॅनरसारखं दीर्घ युद्ध तिथे पेटलं नाही.

यावर पहिला आक्षेप कौन्सिलच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे. नियम सगळ्यांना सारखा होता, असं ती म्हणत होती. हवेलीत क्रिकेट क्लब निघून तिथे हजारो प्रेक्षक येऊ लागले असते, तरी हीच नोटीस गेली असती; मग यात धर्म आला कुठे? हे म्हणणं प्रामाणिक असू शकतं, पण ते अर्धंच खरं आहे. ब्रिटनमधला आधुनिक नियोजन कायदा १९४७ चा आहे. तो लागू होण्याआधी जे उभं होतं, त्याला परवानगी मागावी लागली नाही. लेचमोर हीथ ज्या ऑल्डनम परिसरात येतं, तिथलं चर्च मध्ययुगातलं आहे. त्याच्या जागेचा, वाटेचा आणि घंटेच्या आवाजाचा निवाडा नियोजन अधिकारी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी झालेला होता. म्हणजे जुन्या वस्तीची गरज कायद्यापूर्वी भागली आणि नव्या वस्तीची गरज कायद्यानंतर निर्माण झाली. अशा ठिकाणी सारखा नियम सगळ्यांवर सारखा पडत नाही. जो उशिरा आला त्याच्यावरच पडतो. यावर उपाय नियम काढून टाकणं हा नाही. नव्या वस्तीची गरज आराखड्यात आधीच मोजणं, हा आहे. वस्ती वाढली की शाळेच्या जागा मोजतो तशी ती मोजायला हवी.

दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे. १९९६ चा निर्णय गाड्यांच्या हिशेबामुळे झाला, की मोर्च्यामुळे? मतं मोजणाऱ्या राजकारण्यांनी डोकी मोजली आणि मान तुकवली, असं म्हणायला जागा आहे. पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक होती. असं असेल तर धडा इतकाच निघतो, की आधी गर्दी जमवा, बंदी मोडा, मग परवानगी मिळते. राजकारणाचा रेटा नसता तर फाइल हलली नसती, हे मला मान्य आहे. पण रेट्याने फाइल हलते तेव्हा तिच्यातून काय बाहेर पडतं, हे पाहावं लागतं. इथे बाहेर पडली ती सरसकट माफी नव्हती. गावाची मूळ तक्रार दूर करणारा रस्ता आणि वापरावर अटी, असं ते उत्तर होतं आणि मोर्चा नसता तरी नियोजनाच्या कसोटीवर ते टिकलं असतं. १९८७ मध्येच हा प्रश्न वाटेचा म्हणून मांडला गेला असता, तर मोर्च्याची वेळ आली नसती. ज्या व्यवस्थेत योग्य उत्तर फक्त रेट्यानेच मिळतं, तिथे दोष उत्तराचा नसतो; कसोटी आधी जाहीर न करणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि तो अल्पसंख्य समाजांच्या अनुभवातून येतो. गाड्या आणि पार्किंग ही अनेकदा नावडत्या शेजाऱ्याला दूर ठेवण्याची सभ्य भाषा असते. मग वाटेची कसोटी म्हणजे पूर्वग्रहाच्या हाती दिलेलं सोयीचं हत्यार नव्हे का? असू शकतं, पण ते ओळखता येतं. नकारात आकडा आहे का, हे पाहावं. किती फेऱ्या जास्त होतात आणि किती चालतील, हे नकार देणारा सांगू शकत नसेल, तर गाड्या हे निमित्त आहे. तोच आकडा त्याच रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाला, शाळेला किंवा चित्रपटगृहाला लावला होता का, हेही पाहावं. आणि अडचण दूर करायची तयारी दाखवली की आक्षेप मिटतो, की नवा उगवतो? वीस हजारांतली निम्मी माणसं पन्नास आसनांच्या बसने आणली, तर दोनशे बस लागतात आणि अडीच हजार गाड्या वाचतात. असा प्रस्ताव आल्यावर जो शेजारी शांत होतो, त्याला खरंच रहदारीचा त्रास होता. जो होत नाही, त्याला माणसांचा होता.

या पद्धतीतून नकारही येऊ शकतो, हे इथे नोंदवायला हवं, नाहीतर ती परवानगीची पळवाट ठरेल. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅममध्ये, वेस्ट हॅमजवळ एका जुन्या रसायन कारखान्याच्या जागेवर तबलीगी जमातशी संबंधित न्यासाला नऊ हजारांहून अधिक माणसांची मशीद बांधायची होती. वर्तमानपत्रांनी तिला महामशीद म्हणून गाजवलं आणि चर्चेत भीतीचा सूर भरला. २०१२ मध्ये कौन्सिलने प्रस्ताव फेटाळला, २०१५ मध्ये सरकारने तो नकार कायम केला. गाजावाजा बाजूला सारून कारण पाहिलं तर ते नियोजनाचं होतं: घरांची भयंकर टंचाई असलेल्या त्या भागात ही जमीन घरं आणि मिश्र वापरासाठी आराखड्यात राखलेली होती, आणि एवढा मोठा एकच वापर आला तर तो हेतू फसत होता. हा नकार कोणाला आवडो न आवडो, तो तपासता येतो. आराखडा आधी झाला होता का, घरांची गरज खरी होती का, दुसऱ्या अर्जदारालाही हीच अट लावली असती का, हे विचारता येतं. तपासता येणारा नकार आणि न तपासता येणारा नकार यांतला फरक हाच न्याय आणि पक्षपात यांतला फरक आहे.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा जवळजवळ सगळी एकाच प्रश्नाभोवती फिरते: बांधकाम अधिकृत की अनधिकृत, आणि कधीपासूनचं? याला कारण आहे. २००६ मध्ये वडोदऱ्यात रस्तारुंदीकरणासाठी एक दर्गा पाडला गेला, त्यावरून हिंसाचार झाला आणि माणसं मेली. गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यापुढे रस्ता, उद्यान किंवा अन्य सार्वजनिक जागेवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाने कोणतंही अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, आणि जी आधीची आहेत त्यांचा राज्यांनी एकेक करून विचार करावा. महाराष्ट्राने ५ मे २०११ च्या शासन निर्णयाने त्यासाठी समित्या नेमल्या आणि अशा स्थळांची तीन गटांत विभागणी सांगितली: नियमित करता येतील अशी, पाडायची, आणि दुसरीकडे हलवायची. हे आवश्यक होतं. पण या विभागणीत तारखेला जे महत्त्व मिळालं, ते वाटेला मिळालं नाही. एखादं स्थळ किती जुनं आहे, यावरून ते पदपथ अडवतं की नाही हे कळत नाही. उलट, पूर्णपणे कायदेशीर, शतकानुशतकं जुनं देवस्थानही जीवघेणं ठरू शकतं. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली. ते देऊळ अनधिकृत आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. डोंगरावरची अरुंद वाट आणि पौर्णिमेची गर्दी यांचा मेळ बसला नाही.

याचा अर्थ पदपथावरच्या बांधकामांना अभय द्यावं, असा नाही. तो आक्षेप आपल्याकडे पहिल्यांदा येईल, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. लेचमोर हीथची जमीन संस्थेच्या मालकीची होती. आपल्याकडे कोपऱ्यावर आधी शेंदूर लावलेला दगड येतो, मग फरशी, मग पत्रा, मग दानपेटी. हे रस्ता बळकावणं आहे आणि वाटेच्या कसोटीवर ते सर्वांत आधी नापास होतं, कारण ते चालणाऱ्याची वाटच खातं. पण जिथे बांधकाम खासगी किंवा वैध जागेवर आहे, जिथे झोपडपट्टीच्या पुनर्विकासात जुनी प्रार्थनास्थळं नव्या इमारतींत हलवली जातात, तिथे आपण क्षेत्रफळ मोजून थांबतो. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत अट आहे, की परवानगी मिळालेल्या प्रार्थनास्थळाचं क्षेत्र पूर्वीपेक्षा जास्त असू नये. जमिनीच्या हव्यासाला आळा घालायला ही अट ठीक आहे. मात्र पूर्वी चाळीस घरांच्या गल्लीतलं ते देऊळ आता बावीस मजल्यांच्या इमारतींच्या संकुलात आलं आहे, त्याच्या दारातून अग्निशमनाची गाडी जाते का, नवरात्राच्या आरतीला किती माणसं उभी राहतील, याबद्दल चौरस फुटांचा आकडा काहीच सांगत नाही.

आपल्याला हे जमणार नाही असंही नाही, कारण वर्षाच्या काही दिवसांपुरतं आपण ते करतोच. माहीमच्या दर्ग्याचा डिसेंबरमधला उरूस, वांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरमधली जत्रा, प्रभादेवीची अंगारकी: या प्रत्येक वेळी वाहतूक पोलीस मार्ग बदलतात, जादा बस सुटतात, रांग कुठून कुठे जाईल हे ठरतं. गणेशोत्सवाच्या मांडवाला महापालिका, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल यांची परवानगी लागते. रस्ता आणि पदपथ अडवून मांडवाला परवानगी देता येणार नाही, हे ठाण्यातून गेलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं आहे. मांडवाची परवानगी म्हणजे दुसरं काय आहे? दिवस ठरलेले, जागा मोजलेली, वाट मोकळी ठेवायची अट, आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज. दहा दिवसांच्या मांडवाला जो प्रश्न आपण विचारतो, तो शंभर वर्षं उभ्या राहणाऱ्या इमारतीला विचारत नाही, ही आपल्या व्यवस्थेतली विचित्र गोष्ट आहे. पोलिसांच्या नोंदींत दरवर्षीच्या गर्दीचा अंदाज असतो. तो नगररचना विभागाच्या टेबलावर पोचत नाही.

तो पोचवायला नवा कायदा लागेलच असं नाही. प्रार्थनास्थळाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत, मग तो नवा असो, विस्ताराचा असो किंवा स्थलांतराचा, तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: साध्या दिवशी किती माणसं येतात, वर्षातले गर्दीचे दिवस कोणते आणि तेव्हा किती येतात, आणि ती कोणत्या रस्त्याने, कशाने येतात. हे आकडे जाहीर असावेत, म्हणजे शेजारी त्यांना आव्हान देऊ शकतील आणि संस्था त्यांवर उपाय सुचवू शकेल. परवानगी गर्दीच्या दिवसांना बांधलेली असावी आणि काही वर्षांनी तिचा फेरविचार व्हावा, कारण वस्ती बदलते. जिथे आज पन्नास भाविक आहेत तिथे उद्या पाच हजार असतील, किंवा आज पाच हजार आहेत तिथे उद्या वस्तीच उरलेली नसेल. एवढं केल्याने श्रद्धेची भांडणं संपणार नाहीत. पण जे भांडण मुळात रस्त्याचं आहे, ते देवाच्या नावाने लढलं जाणार नाही. लेचमोर हीथमध्ये नऊ वर्षांनंतर नेमकं हेच कळलं. गावाला वळसा घालून मॅनरला जाणाऱ्या त्या रस्त्याला नाव आहे, आणि ते आज संस्थेच्या टपालाच्या पत्त्यातही आहे: धर्म मार्ग.